अर्ध्या गुणाचा हिशेब

बुद्धिबळात राजाला मात बसली की निकाल लागतो आणि बघणाऱ्यालाही तो कळतो. गोच्या पटावर तसे होत नाही. एक खेळाडू ‘पास’ म्हणतो, समोरचाही ‘पास’ म्हणतो, दोघांचे हात मांडीवर जातात. पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या जिथल्या तिथे आहेत आणि कोण जिंकले ते अजून कोणालाच नक्की ठाऊक नाही. पहिल्यांदा स्पर्धेत उतरलेला खेळाडू इथे गडबडतो, कारण घरी संगणकावर खेळताना हा हिशेब यंत्राने परस्पर केलेला असतो. स्पर्धेत तो दोघांना मिळून हातांनी करावा लागतो, आणि बरोबर खेळून जिंकलेला डाव या पाच मिनिटांत हरता येतो.

जपानी नियमांत या क्षणासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांतला फरक आधी नीट धरून ठेवावा. लागोपाठ दोन पास झाले की डाव ‘थांबतो’. पटावरच्या कोणत्या सोंगट्या जिवंत, कोणत्या मेलेल्या आणि कोणता मुलूख कोणाचा यावर दोघांचे एकमत झाले की मगच तो ‘संपतो’. सध्या वापरात असलेले जपानी नियम १९८९ साली या रूपात आले. या लेखातला हिशेब त्याच नियमांचा, म्हणजे मुलूख मोजण्याचा आहे.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. गोची सोंगटी रेषांच्या छेदावर ठेवतात आणि एकदा ठेवली की ती हलत नाही. तिला लागून असलेले रिकामे बिंदू हे तिचे श्वास. शत्रूने सगळे श्वास बुजवले की ती पटावरून उचलली जाते आणि कैदी होते. मोठा पट १९ बाय १९ रेषांचा, म्हणजे ३६१ बिंदूंचा. नवख्यांच्या स्पर्धा पुष्कळदा ९ बाय ९ वर होतात. तिथे बिंदू ८१. आपणही असाच एक छोटा पट घेऊ. डाव ३४ चालींचा झाला, दोघांनी १७-१७ सोंगट्या ठेवल्या, शेवटची चाल पांढऱ्याची. मग काळा पास, पांढरा पास. पट असा दिसतो. ठिपका म्हणजे रिकामा बिंदू.

```
● · ○ ● ● ● ○ · ·
· ○ ● · ● ○ ○ · ·
○ ● · · ● ○ · · ·
● · · · ● ○ · · ·
· · · · ● ○ · · ·
· · · · ● ○ · · ·
· · · ● ● ○ · ○ ·
· · · ● ○ ○ ○ ● ·
· · · ● ○ · · · ·
```

डावीकडचा भाग काळ्याचा, उजवीकडचा पांढऱ्याचा, आणि मधून दोघांच्या भिंती एकमेकींना खेटून गेल्या आहेत. प्रश्न फक्त दोन ठिकाणी आहे. डावीकडे वरच्या कोपऱ्यात तीन पांढऱ्या सोंगट्या काळ्याच्या मुलखात शिरल्या आहेत. उजवीकडे खाली एक काळी सोंगटी पांढऱ्याच्या घरात एकटी पडली आहे. याखेरीज डाव चालू असताना काळ्याने एक पांढरी सोंगटी पकडली होती. ती त्याच्या वाटीच्या झाकणात आहे. झाकणातली जागा ठरलेली असते: पकडलेली सोंगटी उताण्या झाकणात, समोरच्याला दिसेल अशी ठेवायची. संगणकावर खेळून आलेल्याला ही सवय नसते. तो पकडलेली सोंगटी सहज समोरच्याच्या वाटीत परत टाकतो आणि एक गुण गमावतो, कारण मुलखाच्या मोजणीत प्रत्येक कैदी हा एक गुण आहे.

आता त्या कोपऱ्यातल्या तीन पांढऱ्या सोंगट्या पाहा. काळ्याने त्यांना चहूकडून कोंडले आहे आणि कोपऱ्याच्या अगदी टोकावर स्वतःची एक सोंगटी घातली आहे. पांढऱ्याजवळ आत दोनच रिकामे बिंदू उरलेत. त्यांतला एक त्याने भरला तर काळा दुसरा भरतो आणि तिन्ही सोंगट्या, नव्याने ठेवलेल्या चौथीसह, एकदम उचलल्या जातात. जगायला दोन वेगळे डोळे लागतात, म्हणजे शत्रूला एकाच वेळी बुजवता न येणारी दोन रिकामी घरे. ती इथे होऊच शकत नाहीत. म्हणून त्या मेलेल्या. खालची एकटी काळी सोंगटीही तशीच. काळ्याने पहिली चाल केली तरी त्या अरुंद कोपऱ्यात तिचा जीव वाचत नाही.

मेलेली सोंगटी पकडून दाखवावी लागत नाही. नव्या खेळाडूला हे पटायला सगळ्यांत जड जाते. आपल्या घरात शत्रूच्या सोंगट्या तशाच बसलेल्या बघून त्याचा जीव खालीवर होतो. ‘उचलून टाकलेल्या बऱ्या’ असे वाटून तो पास म्हणण्याऐवजी चाली करत बसतो. आपल्या पटावर काळ्याने तेच केले असे धरू. तो आत एक सोंगटी ठेवून एक पांढरी पकडतो. पांढरा शांतपणे पास म्हणतो. काळा दुसरी सोंगटी ठेवून उरलेल्या दोन पकडतो. पांढरा पुन्हा पास. काळ्याच्या हाती नवे काहीच आले नाही, कारण त्या तीन सोंगट्या त्याला फुकटच मिळणार होत्या. उलट स्वतःच्याच मुलखातले दोन बिंदू त्याने स्वतःच्या सोंगट्यांनी भरले. दोन गुण गेले. त्या दोन गुणांची किंमत काय ते पुढे दिसेल.

दोघे शहाणे आहेत असे समजू. पास झाल्यावर घड्याळ थांबवायचे आणि पटाला हात लावण्याआधी बोलायचे. काळा वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणतो, ‘या तीन मेल्या.’ पांढरा म्हणतो, ‘हो.’ पांढरा खालची दाखवतो, काळा मान डोलावतो. एवढे झाल्यावरच सोंगट्या उचलायच्या. तीन पांढऱ्या काळ्याच्या झाकणात जातात. तिथली आधीची एक धरून चार झाल्या. एक काळी पांढऱ्याच्या झाकणात जाते. बोलण्याआधी उचललेली सोंगटी हे भांडणाचे मूळ असते. ती नेमकी कुठे होती, शेजारचा बिंदू रिकामा होता की भरलेला, यावर नंतर दोन माणसांच्या दोन आठवणी निघतात.

आता मोजणी. उचललेल्या सोंगट्यांच्या जागाही रिकाम्या धरून काळ्याच्या मुलखात २८ बिंदू भरतात आणि पांढऱ्याच्या २४. काळ्याजवळ चार कैदी, म्हणून त्याचे ३२. पांढऱ्याजवळ एक, म्हणून त्याचे २५. फरक सातचा.

प्रत्यक्ष पटावर मात्र कोणी अशी बेरीज करत नाही. कैद्यांना ज्याच्या त्याच्या घरी परत पाठवतात. काळ्याने पकडलेल्या चार पांढऱ्या सोंगट्या पांढऱ्याच्याच मुलखात भरायच्या, म्हणजे त्याचे २४ बिंदू २० होतात. पांढऱ्याने पकडलेली एक काळी सोंगटी काळ्याच्या मुलखात भरायची, म्हणजे २८ चे २७. फरक तोच सात. आता झाकणे रिकामी झाली आणि फक्त मोकळे बिंदू मोजायचे राहिले. पद्धत अशी आहे की आपला मुलूख समोरचा लावतो आणि समोरच्याचा आपण. लावणे म्हणजे आतल्या सोंगट्या सरकवून वेडावाकडा मुलूख चौकोनी करणे, दहा-दहाच्या किंवा वीसच्या ठोकळ्यांत आणणे, की नजर टाकताच आकडा कळावा. जपानीत याला ‘सेइची’ म्हणतात. १९ रेषांच्या पटावर हे बघण्यासारखे असते. सरावलेली दोन माणसे मिनिटभरात आख्खा पट चौकटींत बसवतात.

सरकवताना एकच पथ्य पाळायचे: मुलखातले मोकळे बिंदू कमी-जास्त होता कामा नयेत. एका बिंदूवरची सोंगटी उचलून त्याच मुलखातल्या दुसऱ्या मोकळ्या बिंदूवर ठेवली तर संख्या तीच राहते. ती चुकून वाटीत गेली तर मुलूख एका बिंदूने वाढला. बाही लागून भिंतीतली सोंगटी पलीकडे घसरली तर दोघांचेही आकडे बिघडले. म्हणून एका हाताने, हळू, आणि समोरचा बघत असताना सरकवावे. तो बघत नसेल तर थांबावे.

सातचा फरक काळ्याच्या बाजूने आहे, पण निकाल अजून लागलेला नाही. गोमध्ये पहिली चाल नेहमी काळ्याची असते आणि पहिल्या चालीचा फायदा खरा असतो. त्याची भरपाई म्हणून पांढऱ्याला काही गुण आधीच दिलेले असतात, तीच कोमी. विसाव्या शतकात स्पर्धांमधून कोमी आली तेव्हा ती कमी होती. साडेचार, मग साडेपाच अशी ती वाढत गेली, कारण साडेपाच देऊनही काळाच जास्त जिंकतो असे व्यावसायिकांच्या डावांत दिसत राहिले. जपानच्या निहोन किइन या संस्थेने २००२ साली ती साडेसहा केली. अर्धा गुण पटावर कुठेच नसतो. बरोबरी होऊ नये एवढ्यासाठीच तो ठेवलेला आहे.

आपल्या डावात पांढऱ्याचे २० अधिक साडेसहा, म्हणजे साडेसव्वीस. काळ्याचे २७. काळा अर्ध्या गुणाने जिंकला.

आता मघाचा घाबरलेला काळा आठवा. स्वतःचे दोन बिंदू भरून त्याने सातचा फरक पाचवर आणला होता. साडेसहा दिल्यावर तो दीड गुणाने हरला असता. पकडलेली पहिली सोंगटी झाकणाऐवजी समोरच्या वाटीत टाकणारा काळा सहाच्या फरकावर उतरून अर्ध्या गुणाने हरला असता. पटावरचा खेळ तिन्ही वेळा एकच.

कोमी किती आणि नियम कोणते हे स्पर्धेच्या पत्रकात लिहिलेले असते. ते पहिल्या फेरीआधी वाचावे, कारण याच पटावर निकाल उलटूही शकतो. चिनी नियमांत मुलखाबरोबर पटावरच्या आपल्या जिवंत सोंगट्याही मोजतात आणि कैदी मोजतच नाहीत. त्या हिशेबाने काळ्याचे २८ बिंदू आणि १६ सोंगट्या मिळून ४४, पांढऱ्याचे २४ आणि १३ मिळून ३७. फरक पुन्हा सातच, पण चीनमध्ये कोमी साडेसात आहे. तिथे हाच डाव पांढरा अर्ध्या गुणाने जिंकतो. सोंगट्यांची सूट देऊन खेळवलेल्या डावात कोमी बहुधा नसते, किंवा नुसती अर्ध्या गुणाची असते. नवख्यांच्या स्पर्धेत असे डाव पुष्कळ असतात, म्हणून हेही आधीच विचारून घ्यावे.

दोन्ही पद्धतींत फरक सातच निघाला हा योगायोग नव्हे, आणि त्यातून एक उपयोगी पडताळा मिळतो. दोघांनी सारख्याच सोंगट्या ठेवल्या असतील, म्हणजे काळ्याने सुरुवात करून शेवटची सोंगटी पांढऱ्याने ठेवली असेल आणि मध्ये कोणी पास म्हटले नसेल, तर दोन्ही मोजण्या सारखाच फरक दाखवतात. शेवटची सोंगटी काळ्याची असेल तर मुलखाच्या मोजणीत काळ्याचा आकडा एकाने कमी दिसतो. कारण सोपे आहे: ठेवलेली प्रत्येक सोंगटी एकतर पटावर आहे किंवा कैदेत. एखादा कैदी हरवल्याची शंका आली तर पट मोडण्याआधी मनात दुसऱ्या पद्धतीने मोजून बघावे. फरक जुळला नाही तर झाकणे, वाट्या आणि खुर्चीखालची फरशी तपासावी. मात्र हा पडताळा पटावर ‘सेकी’ असेल तेव्हा चालत नाही. सेकी म्हणजे दोन शत्रू गट एकमेकांत असे अडकतात की जो आधी हात घालेल तो मरतो. दोघेही हात आखडतात आणि दोघेही जगतात. जपानी नियमांत सेकीतल्या गटाच्या आत घर असले तरी त्याचा गुण धरत नाहीत; चिनी नियमांत धरतात.

आपल्या डावाच्या शेवटच्या चार चालींत आणखी एक खाच होती. वरच्या काठावर पांढऱ्याने डावीकडे एक सोंगटी पुढे सरकवली होती. ती जोडून घ्यायची राहून गेली. एकतिसाव्या चालीला काळ्याने तिच्या उजव्या बाजूला सोंगटी ठेवून ती पकडली. झाकणातली सोंगटी ती हीच. बत्तिसाव्या चालीला पांढऱ्याने आणखी उजवीकडून अडवले. त्या क्षणी पकडलेल्या सोंगटीची जागा रिकामी होती आणि तिन्ही बाजूंना काळ्याच्या सोंगट्या होत्या. नवखा म्हणेल, हा माझ्या मुलखातला एक बिंदू. तसे नव्हते. पांढऱ्याने तिथे परत सोंगटी ठेवली असती तर काळ्याची नुकतीच आलेली सोंगटी पकडली गेली असती, आणि ‘को’ नावाची उलटसुलट पकडापकडी सुरू झाली असती. म्हणून तेहतिसाव्या चालीला काळ्याने तो बिंदू स्वतःच भरला. चौतिसाव्या चालीला पांढऱ्यानेही आपल्या बाजूची फट बुजवली. अशा डागडुजीच्या चालीला जपानीत ‘तेइरे’ म्हणतात. ती स्वतःचा एक गुण खाते, आणि ती न केली तर त्याहून जास्त जाते.

तेइरे कुठे लागणार हे ओळखायला एक साधा उपाय आहे. पास झाल्यावर दोन भिंतींच्या मध्ये कोणाचेच नसलेले बिंदू उरतात. त्यांना ‘दामे’ म्हणतात, आणि त्यांचा गुण कोणालाच नसतो. हे बिंदू दोघांनी आळीपाळीने, प्रत्येक वेळी वर बघून भरावेत. दामे भरले की भिंतींचे श्वास कमी होतात आणि आतापर्यंत झाकलेली फट उघडी पडते. घाईत दोघेही एकाच वेळी हाताला येतील तशा सोंगट्या टाकू लागले तर ‘तिथे तुला भरावे लागले असते’ आणि ‘नसते लागले’ हा वाद हमखास होतो. माझ्या मते नवख्याने दामे हा डावाचाच भाग समजून घड्याळ चालू असतानाच, पास म्हणण्याआधी भरावेत. गुण जात नाही आणि बोलण्यासारखे काही उरत नाही.

शेवटी मतभेदाचे प्रकरण. वरच्या डाव्या कोपऱ्यातली, टोकावरची काळी सोंगटी मनातल्या मनात काढून टाका. आता पांढऱ्याची चाल असेल तर तो टोकावर सोंगटी ठेवतो, दोन्ही बाजूंना एकेक डोळा होतो आणि कोपरा जगतो. काळ्याची असेल तर काळा तिथेच ठेवतो आणि कोपरा मरतो. म्हणजे ही जागा अजून ठरलेलीच नाही. तरीही दोघांच्या नजरेतून ती सुटली आणि दोघे पास म्हणाले. मग मेलेल्या सोंगट्या दाखवताना पांढऱ्याच्या लक्षात येते. तो म्हणतो, ‘थांबा, मला अजून खेळायचे आहे.’ नियम त्याला खेळू देतो. एकाने डाव पुन्हा सुरू करायला सांगितले तर दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. पण पहिली चाल त्या दुसऱ्याची असते. पांढऱ्याने मागणी केली, म्हणून चाल काळ्याची, आणि काळा ताबडतोब टोक घेतो. उलट काळ्याने ‘मला तिथे भरायचे राहिले’ म्हणून मागणी केली, तर पहिली चाल पांढऱ्याची आणि कोपरा जिवंत.

यातून एक अडचण निघते आणि नियमाने तीही सोडलेली नाही. निकाल बदलणारी चाल शिल्लक आहे हे दोघांनाही दिसले, मागणी करणे दोघांनाही तोट्याचे, म्हणून कोणीच करत नाही आणि निकालही मान्य करत नाही. अशा वेळी १९८९ च्या नियमांप्रमाणे दोघेही हरतात. कठोर वाटते, पण मला हे न्याय्य वाटते. ती जागा दोघांनीही पास म्हणण्याआधी पाहायला हवी होती. प्रत्यक्षात गोष्ट इथवर जाऊ देऊ नये. एकमत होत नाही असे दिसले की पटावरचे हात काढायचे, घड्याळ थांबलेले आहे याची खात्री करायची आणि पंचाला बोलवायचे. तो येईपर्यंत एकही सोंगटी हलवायची नाही, शेजारच्या टेबलावरच्या मित्राला विचारायचे नाही. पंच विचारेल तेव्हा ‘ही मेलेली आहे’ एवढे पुरत नाही. ‘पांढऱ्याने इथे ठेवले तर मी इथे ठेवीन’ असे चालीगणिक सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल तर आपण अजून नीट वाचलेले नाही.

सगळे जुळले की दोघांनी आकडा मोठ्याने म्हणायचा: ‘काळा, अर्ध्या गुणाने.’ समोरच्याने तोच आकडा उच्चारला की निकालाच्या चिठ्ठीवर लिहायचे आणि मगच सोंगट्या वाट्यांत भरायच्या. दोघांपैकी एकाला शंका असेल तर ती चिठ्ठीआधी काढावी. गरज पडली तर पहिल्या चालीपासून डाव पुन्हा मांडून बघता येतो. दोघांनी निकाल मान्य केल्यावर मात्र तो कोणत्याही कारणाने बदलत नाही. रात्री घरी गेल्यावर हरवलेला कैदी खिशात सापडला तरीसुद्धा.